तान्ह्या बाळाला उन्हात नेताना: आधी वेळ, मग सावली, मग कपडे आणि सगळ्यात शेवटी सनस्क्रीन

नऊ महिन्यांच्या मुलीला घेऊन एक आई दवाखान्यात आली होती. बाळाचे गाल, नाकाचा शेंडा आणि दोन्ही पावलांची वरची बाजू गरम लागत होती. तिथे हात लावला की ते कळवळून रडायचं. आदल्या दिवशी सगळे तलावाकाठी गेले होते. "पण ती उन्हात नव्हतीच हो डॉक्टर, पूर्ण वेळ छत्रीखाली होतो आम्ही," असं आई परत परत सांगत होती. त्यात खोटं काहीच नव्हतं. तिने पुढे विचारलं, "आता कुठलं सनस्क्रीन घेऊ म्हणजे पुन्हा असं होणार नाही?"

हा प्रश्न मला जवळजवळ रोज येतो, आणि त्याचं उत्तर मी कधीच ट्यूबच्या नावापासून सुरू करत नाही. त्या मुलीची त्वचा सनस्क्रीन नव्हतं म्हणून भाजली, हे अर्धंच खरं. छत्री उन्हापासून वाचवते असं वाटलं, भर दुपारची वेळ निवडली आणि पाय उघडे राहिले, या तीन गोष्टी त्याच्या आधी घडल्या होत्या. म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहितो आहे.

सहा महिन्यांच्या आत सनस्क्रीन का टाळायचं

सहा महिन्यांपेक्षा लहान बाळाला थेट उन्हात नेऊ नये आणि सनस्क्रीनवर अवलंबून राहू नये, असा सल्ला जगभरातले बालरोगतज्ज्ञ देतात. पालकांना तो कधी कधी अतिसावध वाटतो, पण त्यामागचं कारण आकड्यांत मांडता येतं. बाळ जितकं लहान, तितकी त्याच्या वजनाच्या मानाने कातडी जास्त. साठ किलोच्या मोठ्या माणसाच्या तुलनेत नवजात बाळाला प्रत्येक किलो वजनामागे दुपटीहून जास्त त्वचा असते. त्यामुळे अंगभर लावलेल्या कुठल्याही मलमातून शरीरात काही शिरलं, तर त्याचा वाटा बाळाच्या अंगात तितकाच मोठा होतो. त्यात ही त्वचा पातळ असते आणि तिचा बाहेरचा संरक्षक थर अजून पुरता पक्का झालेला नसतो.

दुसरं कारण उष्णतेचं आहे. इतक्या लहान बाळाला घाम येऊन अंग थंड होण्याची क्रिया नीट साधलेली नसते. पांघरूण बाजूला सारणं किंवा सावलीत सरकणं त्याला जमत नाही, तहान लागली हे सांगता येत नाही. अंगावर सनस्क्रीन आहे या भरवशावर आपण त्याला उन्हात जास्त वेळ ठेवलं, तर त्वचा कदाचित वाचेल, पण बाळ आतून तापेल.

मग सावली आणि कपडे दोन्ही मिळणार नाहीत अशी वेळ आलीच तर? गाडी रस्त्यात बंद पडली, चार महिन्यांचं बाळ कडेवर आहे आणि आडोसा लांब आहे, असं समजा. अशा वेळी चेहरा आणि हातांची मागची बाजू एवढ्याच लहान भागांवर झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन थोडंसं लावायला हरकत नाही. बाळाची त्वचा भाजू देण्यापेक्षा ते बरं. पण ही अडचणीची सोय आहे. ती ठरवून निघालेल्या सहलीची तयारी होऊ शकत नाही.

आणि ते कोवळं ऊन?

इथे आजी-आजोबांचा प्रश्न हमखास येतो: "मग ड जीवनसत्त्व कुठून मिळणार?" प्रश्न योग्यच आहे. आईच्या दुधात ड जीवनसत्त्व फार कमी असतं, त्यामुळे बाळाला ते वेगळं द्यावंच लागतं. त्यासाठी पहिल्या वर्षात रोज 400 आययू इतके थेंब द्यायची शिफारस आहे. बाळ वरचं दूध घेत असेल तर थेंब हवेत का आणि किती, हे डॉक्टरांना विचारून ठरवा.

ऊन हा त्याला पर्याय का नाही, हे समजून घेण्यासारखं आहे. त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण म्हणजे यूव्हीबी हे अतिनील किरण, आणि त्वचा भाजवणारे मुख्यतः तेच. सकाळच्या कोवळ्या उन्हात हे किरण जेमतेम असतात. म्हणूनच ते ऊन सोसतं, आणि म्हणूनच त्यातून ड जीवनसत्त्वही फारसं मिळत नाही. ते भरपूर हवं म्हणून कडक ऊन घ्यायला जावं, तर भाजण्याचा धोका सोबत येतो. थेंबांत हा पेच नाही. सकाळी बाळाला अंगणात किंवा गच्चीवर जरूर न्या, मोकळी हवा त्याला आवडतेच. फक्त ते औषध म्हणून नेऊ नका. नवजात बाळाच्या काविळीवरही उन्हात ठेवणं हा उपचार नाही. बाळ पिवळं दिसलं तर तपासून घ्यावं लागतं. गरज पडली तर रुग्णालयात विशिष्ट निळ्या प्रकाशाखाली मोजून उपचार करतात.

पहिली पायरी: ऊन किती कडक आहे ते बघा

ऊन किती चटके देतं यावरून आपण त्याचा अंदाज घेतो, आणि तिथेच फसतो. चटका हा उष्णतेचा असतो. त्वचा जाळणारे अतिनील किरण ना दिसतात ना जाणवतात. थंड वारा असलेल्या निरभ्र दिवशी किंवा उंच डोंगरावर गारव्यात बाळ चांगलं भाजू शकतं. उंची हजार मीटरने वाढली की अतिनील किरण साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. पातळ ढगांचाही भरवसा नाही, त्यांच्यातून यातले बरेचसे किरण आरपार येतात.

म्हणून हवामानाच्या अंदाजात अतिनील किरणांचा जोर सांगणारा यूव्ही इंडेक्स हा आकडा बघायची सवय लावा. बहुतेक फोनवर तापमानाच्या आसपासच तो मिळतो. 0 ते 2 असेल तर ऊन सौम्य आहे. 3 पासून संरक्षण लागतं. 8 च्या पुढे बाळाला घरातच किंवा दाट सावलीत ठेवावं, आणि 11 च्या पुढे तर त्या वेळेत बाहेर पडण्याचा विचारच सोडावा.

फोन हाताशी नसेल तर सावली बघा. पाण्याची बाटली सपाट जमिनीवर उभी ठेवा. तिची सावली बाटलीपेक्षा लांब पडली तर सूर्य खाली आहे, ऊन तुलनेने सौम्य. सावली बाटलीहून आखूड पडत असेल तर ते ऊन बाळासाठी नाही. ही युक्ती जगात कुठेही चालते आणि घड्याळापेक्षा भरवशाची आहे, कारण सूर्य सगळीकडे बाराच्या ठोक्याला डोक्यावर येत नाही. ढोबळ मानाने सकाळी दहा ते दुपारी चार ही वेळ टाळायची, असं लक्षात ठेवलं तरी चालेल.

दुसरी पायरी: सावली खरी आहे का ते तपासा

तलावाकाठच्या त्या मुलीची गोष्ट इथे उलगडते. छत्रीने सूर्याकडून सरळ येणारे किरण अडवले, हे खरं. पण अतिनील किरण हवेत खूप विखुरतात, दिसणाऱ्या प्रकाशापेक्षाही जास्त. त्यामुळे ते फक्त सूर्याच्या दिशेने येत नाहीत, तर साऱ्या निळ्या आकाशातून झिरपत असतात. शिवाय खालूनही येतात. कोरडी वाळू सुमारे 15 टक्के अतिनील किरण परत फेकते, पाण्याचा फेस त्याहून जास्त, आणि ताजा बर्फ तर 80 टक्क्यांपर्यंत. गवत मात्र फार कमी परत फेकतं. मोकळ्या वाळूवर एकुलती एक छत्री रोवली, तर वरचा मारा कमी होतो, पण बाजूने आणि खालून किरण येतच राहतात. मुलगी दोन तास तिथे पाठीवर पहुडली होती, तोंड आकाशाकडे आणि पाय छत्रीच्या कडेशी.

सावली तपासायची एक साधी रीत मी सगळ्यांना सांगतो. बाळाला जिथे ठेवणार आहात तिथे स्वतः डोकं टेकवा आणि वर-आजूबाजूला बघा. जेवढं उघडं आकाश दिसेल, तेवढी ती सावली फसवी. दाट झाडाखाली भिंतीलगत बसलात तर आकाशाचे तुकडेच दिसतील. तिथे बाळ सुरक्षित आहे. छत्रीखालून क्षितिजापर्यंत आकाश दिसत असेल, तर अंगावर उन्हाचा एक ठिपका नसला तरी ती अर्धीच सावली आहे. अशा जागी वेळ कमी करायचा, कपडे पूर्ण ठेवायचे आणि बाळ सहा महिन्यांवरचं असेल तर उघड्या भागावर सनस्क्रीन लावायचं.

सावली सरकते, हेही ध्यानात ठेवायला हवं. बाळ झोपलं म्हणून आपण निवांत होतो आणि अर्ध्या तासाने त्याची पावलं उन्हात आलेली असतात. बसतानाच सावली कुठल्या बाजूला चालली आहे ते बघून बाळाला तिच्या पुढच्या भागात ठेवा. फोनवर वीस मिनिटांची आठवण लावली तर उत्तम.

काचेबद्दल दोन शब्द. खिडकीची साधी काच यूव्हीबी बरेचसे अडवते, पण यूव्हीए हे दुसऱ्या प्रकारचे अतिनील किरण आत येऊ देते. गाडीच्या मागच्या बाजूच्या काचांचं बहुधा असंच असतं. लांबच्या प्रवासात बाळ बसलेल्या बाजूला जाळीचा पडदा लावा. उन्हात उभी असलेली गाडी उघडल्यावर आसनाचा पट्टा आणि त्याचं धातूचं बक्कल आधी हाताने तपासा, ते बाळाला पोळतं. आणि उभ्या गाडीत बाळाला एक मिनिटही एकटं ठेवू नका, काच थोडी खाली केलेली असली तरी.

बाबागाडीवर कापड टाकू नका

रस्त्याने जाताना बाबागाडीच्या छपरावरून खालपर्यंत पातळ दुपटं सोडलेलं दिसतं. बाळाला सावली मिळावी, झोप लागावी, हा हेतू. पण कोरडं कापड बंद केल्यासारखं लावलं की आतली हवा हलायची थांबते आणि तापमान बाहेरच्यापेक्षा चढतं. वर बाळ दिसेनासं होतं, त्यामुळे ते लाल झालं, घामेजलं किंवा मलूल पडलं तरी आपल्याला कळत नाही. पटत नसेल तर रिकाम्या बाबागाडीत तापमापक ठेवून सावलीत वीस मिनिटं करून बघा, कापडासह आणि कापडाविना.

शिवाय त्या पातळ मलमलीतून अतिनील किरणही बऱ्यापैकी जातात. म्हणजे हवा अडते आणि किरण अडत नाहीत, असा उलटा व्यवहार. त्याऐवजी बाबागाडीला चिमट्याने बसणारी छोटी छत्री किंवा पुढून-बाजूने हवा खेळती ठेवणारं जाळीचं छत लावा आणि दिशा बदलली की तेही फिरवा.

छातीशी बांधलेल्या झोळीतही उष्णता साठते, कारण तुमच्या अंगाची ऊब त्यात मिळते. झोळीत बाळाला एकच पातळ थर घाला, त्याचं तोंड-नाक कायम दिसलं पाहिजे, आणि दर थोड्या वेळाने त्याला बाहेर काढून मोकळं करा.

तिसरी पायरी: कपडे

कपड्याचा मोठा गुण असा की एकदा घातला की तो दोन तासांनी पुसला जात नाही. पण सगळे कपडे सारखे नसतात. पांढरा पातळ सुती सदरा अनेकांना उन्हासाठी आदर्श वाटतो. तो हवेशीर असतो हे खरं, पण त्याच्या विणीतून किरण सहज जातात, आणि तो ओला झाला की आणखी जास्त. त्यामुळे पाण्यात खेळताना ओला सदरा अंगावर आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

कापड पारखायला ते दिव्यासमोर धरा. विणीतून दिव्याचा आकार स्पष्ट दिसत असेल तर ते उन्हात कमी कामाचं. घट्ट विणीचं, थोड्या गडद रंगाचं पण वजनाला हलकं आणि अंगाला सैल, असं कापड निवडा. काही कपड्यांवर यूपीएफ असा आकडा असतो. यूपीएफ 50 म्हणजे कापडातून पन्नासातला एकच भाग किरण आत जातात. पाण्याकाठी वारंवार जाणार असाल तर असा एक लांब बाह्यांचा पोशाख घेणं, माझ्या मते, महागड्या सनस्क्रीनपेक्षा शहाणपणाचं आहे.

टोपीला चोहोबाजूंनी किमान पाच सेंटिमीटरची कड हवी, म्हणजे कान आणि मानही झाकली जाते. फक्त पुढे चोच असलेली टोपी कान-मान उघडी ठेवते. बाळ बाबागाडीत डोकं टेकून बसणार असेल तर कड मऊ, चुरगळणारी हवी, नाहीतर ती मागून उचलली जाऊन डोळ्यांवर येते आणि बाळ टोपी भिरकावतं. नाडी गळ्याला आवळणारी नको. बाळ झोपलं की टोपी काढा, डोकं मोकळं असलेलं बरं, कारण बाळाच्या अंगातली बरीच उष्णता डोक्यावाटे बाहेर जाते.

पावलं! पालक सगळं झाकतात आणि पावलं विसरतात. पातळ सुती मोजे सोबत ठेवा.

चौथी पायरी: सहा महिन्यांनंतरचं सनस्क्रीन

दुकानात गेल्यावर ट्यूबच्या पुढच्या बाजूला 'बेबी', 'सौम्य', 'नैसर्गिक' असं काहीही लिहिलेलं असो, मागची बाजू वाचा. सक्रिय घटकांत झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड हेच असायला हवेत, निदान पहिल्या दोन-तीन वर्षांत. ही खनिजं त्वचेच्या वरच्या थरावरच राहून काम करतात. रासायनिक सनस्क्रीनमधले ऑक्सिबेंझोन, अव्होबेंझोन यांसारखे काही घटक त्वचेतून रक्तात उतरतात, असं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या संशोधकांनी मोठ्या माणसांवर केलेल्या तपासणीत आढळलं. रक्तात सापडलं म्हणजे अपाय झालाच असं नाही. पण याच प्रशासनाने 2019 मध्ये मांडलेल्या प्रस्तावात सुरक्षित आणि परिणामकारक असं फक्त या दोन खनिजांबद्दलच म्हटलं आणि इतर बहुतेक घटकांबद्दल आणखी माहिती मागवली. तान्ह्या बाळासाठी निवड करताना मला एवढं कारण पुरतं.

एसपीएफ 30 किंवा 50 घ्या. 30 चं सनस्क्रीन सुमारे 97 टक्के यूव्हीबी अडवतं आणि 50 चं 98 टक्के, त्यामुळे त्याहून मोठ्या आकड्यामागे धावण्यात अर्थ नाही. एसपीएफ हा आकडा यूव्हीएबद्दल काही सांगत नाही, म्हणून 'ब्रॉड स्पेक्ट्रम' हे शब्द शोधा. सुगंधविरहित आणि पाण्यात टिकणारं असावं. फवारा नको, बाळ तो श्वासातून आत घेतं. डास पळवणारं औषध मिसळलेलं सनस्क्रीनही नको, कारण सनस्क्रीन दर दोन तासांनी लावायचं असतं आणि डासांचं औषध तितक्या वेळा लावणं बरोबर नाही.

नवीन ट्यूब आणली की सहलीच्या सकाळीच अंगभर लावू नका. निदान दोन दिवस आधी बाळाच्या हाताच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागी लावून 48 तास लक्ष ठेवा. पुरळ, लाली किंवा खाज दिसली तर ते वापरू नका. एक्झिमा असलेल्या बाळाच्या बाबतीत आधी डॉक्टरांना दाखवा. चिरलेल्या, ओल्या त्वचेवर सनस्क्रीन लावायचंच नाही.

आता प्रमाण. सगळ्यात जास्त चूक इथेच होते, म्हणून त्या मुलीचंच गणित करून दाखवतो. तिचं वजन साडेआठ किलो, लांबी 70 सेंटिमीटर. एवढ्या बाळाची एकूण त्वचा सुमारे 4000 चौरस सेंटिमीटर भरते. ट्यूबवरचा एसपीएफ प्रयोगशाळेत मोजतात तेव्हा दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम एवढा जाड थर दिलेला असतो. अंगभर लावायचं तर 8 ग्रॅम लागतील. पण लांब बाह्यांचा सदरा, विजार आणि टोपी घातली तर उघडा राहतो तो चेहरा, कान, मान, हात आणि पावलं, म्हणजे साधारण पाचवा हिस्सा. त्याला दीड ते पावणेदोन ग्रॅम पुरतं, सुमारे एक तृतीयांश चमचा. कपडे घातल्याने सनस्क्रीन किती कमी लागतं, ते यातून दिसेल.

प्रत्यक्षात आपण याहून कितीतरी कमी लावतो. चेहऱ्यावर एक ठिपका घेऊन पसरवला की झालं असं वाटतं, पण अर्धा थर लावला तर ट्यूबवर लिहिलेलं संरक्षण मिळत नाही. ओळखण्याची सोपी खूण अशी: एका फेरीत घरून निघताना एकदा आणि दोन तासांनी एकदा, असं मिळून सुमारे तीन ग्रॅम खर्च होतात. म्हणजे 50 ग्रॅमची ट्यूब पंधरा-सोळा फेऱ्यांत संपायला हवी. आठवड्यातून तीनदा बाहेर जाऊनही ती पूर्ण उन्हाळा पुरली, तर थर पातळ पडतो आहे.

लावायचं ते घरातच, बाहेर पडण्याआधी पंधरा-वीस मिनिटं, बाळ निवांत असताना. गाल, कपाळ, नाक, हनुवटी यांवर ठिपके देऊन पसरवा. कानांच्या पाळ्या, मानेच्या मागची बाजू आणि पावलांचा वरचा भाग विसरू नका. पापण्या आणि ओठांच्या अगदी जवळ जाऊ नका. बोटं सतत तोंडात जाणार, म्हणून हातांना तळव्याकडून न लावता फक्त मागच्या बाजूला लावा किंवा लांब बाह्यांनीच झाकून टाका. खनिजांचं सनस्क्रीन पांढरट दिसतं. सावळ्या त्वचेवर ते जास्त उठून दिसतं आणि मग आपण ते चोळून चोळून पुसून टाकतो. तसं करू नका, त्या पांढरेपणावरून कुठे राहून गेलं तेही कळतं. फारच खुपत असेल तर रंगछटा मिसळलेलं खनिजांचं सनस्क्रीन मिळतं.

सावळ्या बाळाला सनस्क्रीनची गरज नाही, हा समज मी अनेक घरांत ऐकला आहे. गडद त्वचेला निसर्गतः काही संरक्षण असतं हे बरोबर, पण तान्हेपणी त्वचेतलं रंगद्रव्य पूर्ण तयार झालेलं नसतं, आणि गडद त्वचाही भाजतेच. फरक एवढा की तिच्यावर लाली दिसत नाही, म्हणून उशिरा कळतं.

दोन तास झाले, पाण्यातून बाहेर काढलं किंवा टॉवेलने पुसलं की पुन्हा लावायचं. घरी आल्यावर कोमट पाणी आणि मऊ कापडाने धुऊन काढा. ट्यूब उन्हातल्या गाडीत ठेवू नका, तापून बिघडते. फुटून पाणी वेगळं झालेलं दिसलं तर टाकून द्या.

तीच सहल, दुसऱ्यांदा

पंधरा दिवसांनी त्या कुटुंबाला पुन्हा तलावावर जायचं होतं, म्हणून आम्ही बसून आखणी केली. दिवसाचा यूव्ही इंडेक्स दुपारी 9 वर जाणार होता, पण सकाळी साडेनऊपर्यंत 3 च्या आसपास राहणार होता. म्हणून साडेदहाऐवजी साडेसातला पोहोचायचं आणि दहाच्या आत परत निघायचं ठरलं. बसायची जागा वाळूवरून हलवून काठामागच्या झाडांखाली गवतावर नेली. मुलीला लांब बाह्यांचा सदरा, विजार, कडेची टोपी आणि मोजे घातले. निघायच्या वीस मिनिटं आधी चेहरा, मान, कान, हात आणि पावलांवर सनस्क्रीन लागलं. पावणेनऊला तिला पाण्यात पाय बुडवू दिले, मोजे काढून. दहा मिनिटांनी पाय पुसून पावलांवर पुन्हा सनस्क्रीन लावलं आणि कोरडे मोजे चढवले.

दूध आणि पाण्याचं वेगळं ठरवलं. दर वीस-तीस मिनिटांनी अंगावर पाजायचं आणि मध्ये पाण्याचे घोट. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र पाणी देत नाहीत, त्याला दूधच जास्त वेळा पाजायचं. आणि दर वेळी पाजताना मानेच्या मागे किंवा छातीला हात लावून बघायचं. हातपाय गार असले तरी बाळ आतून तापलेलं असू शकतं, मान मात्र खरं सांगते.

बाळ तापलं किंवा भाजलं तर

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उष्णतेचा त्रास तिथेच, बाहेर असतानाच दिसतो. बाळ एरवीपेक्षा चिडचिडं होतं, मग उलट फारच शांत आणि मलूल पडतं, दूध ओढत नाही, मान-छाती तापलेली लागते. लगेच गार जागी न्या, कपडे कमी करा, साध्या पाण्याने अंग पुसा, वारा घाला आणि पाजा. बर्फाचं पाणी नको. बाळ जागं होत नसेल, सतत उलटी करत असेल, झटका आला किंवा अंग खूप तापूनही कोरडं लागत असेल, तर वाट न बघता रुग्णालय गाठा. सहा तासांत लघवी झाली नाही किंवा टाळू खोल गेलेली दिसली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप असेल तर तो उन्हामुळे आला असेल असं समजून घरी थांबू नका.

भाजणं मात्र दडून येतं. लाली तीन ते पाच तासांनी उमटायला लागते आणि बारा ते चोवीस तासांत सर्वांत जास्त होते. त्यामुळे बाहेर असताना त्वचा ठीक दिसली याला काही अर्थ नाही. संध्याकाळी अंघोळीच्या वेळी गाल, कान, मान आणि पावलं चांगल्या प्रकाशात बघा. गडद त्वचेवर बघण्यापेक्षा हात लावून पाहा: तो भाग बाजूच्या त्वचेपेक्षा गरम आहे का, ताणलेला वाटतो का, स्पर्श केला की बाळ अंग आखडतं का.

तसं असेल तर गार पाण्यात भिजवून पिळलेलं मऊ कापड दहा मिनिटं ठेवा, दिवसातून काही वेळा. सैल कपडे घाला आणि दूध वाढवा. बर्फ, तेल, लोणी लावू नका. बधिर करणारी मलमं बाळाला धोक्याची असतात, तीही नकोत. फोड आले तर फोडू नका. वेदनेसाठी औषध द्यायचं का आणि किती, हे बाळाच्या वजनावर ठरतं, म्हणून डॉक्टरांना विचारूनच द्या. एक वर्षाच्या आतल्या बाळाची त्वचा उन्हाने भाजली तर भाग लहान असला तरी डॉक्टरांना कळवायला हवं. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल, फोड असतील किंवा सोबत ताप असेल तर त्याच दिवशी प्रत्यक्ष दाखवा. आणि ती त्वचा पूर्ण बरी होईपर्यंत तिच्यावर ऊन पडू द्यायचं नाही, सनस्क्रीन लावूनसुद्धा. तोपर्यंत तो भाग कपड्यानेच झाका.